डोकेदुखी, नॉर्मल सीटी आणि फॉर्मवर न लिहिलेली एक ओळ

मी रेडिओलॉजिस्ट आहे. पेशंटशी माझी गाठ क्वचितच पडते. माझ्यापर्यंत येतो तो तपासणीचा फॉर्म. त्यावर "डोकेदुखी" एवढा एकच शब्द असला की मला राग येतो. राग का येतो ते जरा सविस्तर सांगतो. पोस्ट लांबणार आहे. ज्यांच्या घरात नुकतंच बाळंतपण झालंय किंवा कुणी गर्भनिरोधक गोळ्या घेतंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

विषय आहे मेंदूच्या शिरांमध्ये होणारी गुठळी, म्हणजे सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बोसिस. आम्ही बोलताना सीव्हीटी म्हणतो. नेहमीच्या पक्षाघातात मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बंद होते. इथे मेंदूतून रक्त परत आणणारी वाट बंद होते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, असा प्रकार. म्हणून याची सगळी चाल वेगळी. धमनी बंद पडली तर हात-पाय काही मिनिटांत लुळे पडतात. शीर बंद पडली तर कवटीतला दाब हळूहळू चढत जातो, कित्येकदा आठवडा-दोन आठवडे नुसतं डोकं दुखत राहतं. मेंदूभोवतीचं पाणीसुद्धा डोक्याच्या मध्यरेषेवरून जाणाऱ्या मोठ्या शिरेतच शोषलं जातं. ती शीर गुठळीने भरली की पाणीही तुंबतं आणि दाबात भर पडते.

एक उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंटचे तपशील एकत्र केलेत, पण असाच क्रम मी वारंवार पाहिलाय.

अठ्ठावीस वर्षांची बाई, पहिलं बाळंतपण, कमरेत इंजेक्शन देऊन सिझेरियन. दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं. उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. "स्पायनलची डोकेदुखी आहे, आठवड्यात जाईल," असं सांगितलं गेलं. ते अगदी बरोबर होतं. सुईच्या छिद्रातून पाठीच्या कण्यातलं पाणी थोडं झिरपतं, दाब कमी होतो, म्हणून बसलं की दुखतं. पाचव्या दिवशी तिला बरंच बरं वाटलं आणि ती घरी गेली.

आठव्या दिवशी डोकं पुन्हा दुखायला लागलं. घरच्यांनी गृहीत धरलं की तेच परत आलं. पण ही डोकेदुखी उलटी होती. आता आडवं पडलं की वाढायची, पहाटे त्या दुखण्यानेच जाग यायची, खोकताना डोकं फुटेल असं व्हायचं. दोनदा उलटी झाली. बाळाला उचलायला वाकली की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी. फोनवर विचारलं तर वेदनाशामक गोळी चालू ठेवा आणि झोप पूर्ण करा, असा सल्ला मिळाला. तान्ह्या बाळाच्या आईला झोप पूर्ण करायला सांगणं हा एक स्वतंत्र विनोद आहे, असो.

दहाव्या दिवशी साधा सीटी स्कॅन झाला. फॉर्मवर: डोकेदुखी. रिपोर्ट: नॉर्मल. घरचे निश्चिंत झाले. अकराव्या दिवशी तिचा उजवा हात आपोआप उडायला लागला, मग सगळ्या अंगाला फिट आली. तेव्हा एमआरआय आणि त्याबरोबर एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूच्या शिरांची तपासणी, झाली. डोक्याच्या मध्यावरची मोठी शीर पुढच्या भागापासून मागपर्यंत भरलेली, तिला मिळणारी डावीकडची एक छोटी शीरही बंद, आणि तिथल्या मेंदूला सूज व थोडा रक्तस्राव.

नंतर मी दहाव्या दिवसाचा तो सीटी मुद्दाम काढून पाहिला. गुठळी कुठे आहे हे ठाऊक असूनही ठामपणे बोट ठेवता येईल असं त्यात काही नव्हतं. रिपोर्ट देणाऱ्याचा दोष नाही, ही त्या तपासणीचीच मर्यादा आहे. साध्या सीटीवर ताजी गुठळी कधीकधी शिरेत पांढरट दिसते, पण निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये तेवढी स्पष्ट दिसत नाही. रक्त पांढरट दिसणं हिमोग्लोबिनवरही अवलंबून असतं. बाळंतपणात रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेल्या बाईत गुठळी आणखी फिकी दिसू शकते. उलट, रक्त दाट असलेल्या माणसाच्या निरोगी शिराही पांढऱ्या दिसून फसवतात. साधा सीटी मेंदूतला मोठा रक्तस्राव किंवा गाठ चांगली दाखवतो. "शिरा मोकळ्या आहेत का?" हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. तो विचारायचा तर डाय देऊन सीटी व्हेनोग्राफी, नाहीतर एमआरआयसोबत एमआर व्हेनोग्राफी करावी लागते. आणि ती करायचं मला सुचायचं तर फॉर्मवर एक ओळ हवी: "सिझेरियननंतर दहावा दिवस, झोपल्यावर वाढणारी डोकेदुखी." एवढी ओळ असती, तर साध्या सीटीवर न थांबता मी त्याच टेबलावर शिरांची तपासणी सुचवली असती.

डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी करून "ती नॉर्मल आहे, म्हणजे गुठळी नाही" असं समजणारेही भेटतात. गुठळी छोटी असेल, जुनी असेल किंवा फक्त डोकेदुखीच असेल, तर डी-डायमर नॉर्मल येऊ शकतो. आणि बाळंतपणानंतर तो तसाही वाढलेलाच असतो, म्हणजे दोन्हीकडून निरुपयोगी.

आता धोका कुणाला जास्त. आजार विरळा आहे: लाखात वर्षाला साधारण एक-दोन जणांना होतो. त्यामुळे डोकं दुखलं की घाबरायचं कारण नाही. पण तो सगळ्यांत सारखा वाटलेला नाही. हा तरुणांचा आजार आहे आणि दर चार पेशंटमागे साधारण तिघी बायका असतात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 624 पेशंट होते, त्यांतही जवळपास हेच प्रमाण निघालं.

कारण मुख्यतः हॉर्मोन्सचं. प्रसूतीत रक्त कमी जावं म्हणून शरीर गरोदरपणातच रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवतं आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी करतं. ही तयारी प्रसूती झाली की लगेच आवरली जात नाही, साधारण सहा आठवडे टिकते. त्यात रक्त गेलेलं, अंगातलं पाणी कमी झालेलं, शस्त्रक्रिया झालेली, कधी जंतुसंसर्ग किंवा वाढलेलं बीपी. म्हणून गरोदरपणापेक्षाही बाळंतपणानंतरचे हे आठवडे जास्त जोखमीचे.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या हे दुसरं मोठं कारण. गोळीने धोका कित्येक पटींनी वाढतो, पण मुळात तो इतका छोटा आहे की बहुसंख्य बायकांना काहीही होत नाही. त्यामुळे ही पोस्ट वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. खरा प्रश्न येतो तो दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की: गोळी आणि लठ्ठपणा, किंवा गोळी आणि रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष. घरात कुणाला तरुणपणी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तसंच. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पाळी लांबवायला लागणारा डोस गर्भनिरोधक गोळीतल्या डोसापेक्षा बराच मोठा असतो. त्या गोळ्या कुणाच्याही सल्ल्याशिवाय, मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेतल्या जातात आणि नंतर डॉक्टरांनी "काही औषधं चालू आहेत का?" विचारलं की उत्तर येतं, "नाही." त्या औषधात मोजल्याच जात नाहीत.

बाकीची यादी भराभर सांगतो. कानामागच्या हाडापर्यंत गेलेला जुना कानाचा संसर्ग, आतड्याचा दाह, लघवीतून प्रथिनं जाणारा किडनीचा आजार, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणारा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, कॅन्सर आणि त्यावरची अ‍ॅस्परॅजिनेजसारखी औषधं, रक्तपेशी प्रमाणाबाहेर वाढणारे आजार, आणि तीव्र अ‍ॅनिमियासुद्धा. पुरुषांमध्ये सीव्हीटी दिसला तर या यादीतलं काहीतरी आम्ही जरा चिकाटीने शोधतो.

डोकेदुखी कशी असते, हे विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की तिचा एकच ठसा नाही. दहातल्या नऊ पेशंटना ती असते. बहुतेकांत दिवसागणिक चढते, काहींत मात्र क्षणात स्फोट झाल्यासारखी येते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो बदल. जिला वर्षानुवर्षं मायग्रेन आहे तिने "ही माझी नेहमीची नाही" म्हटलं, तर ते वाक्य फॉर्मवर जसंच्या तसं लिहावं. स्पायनलची डोकेदुखी पडून राहिल्यावर थांबायची बंद झाली, तर ती आता स्पायनलची राहिलेली नाही असं समजून तपासणी करावी. सोबत दोन-दोन दिसणं, अंधारी, फिट, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जावं.

त्या बाईचं पुढे काय झालं? तिला हेपॅरिन दिलं, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन. नातेवाईक हबकले: मेंदूत रक्तस्राव झालाय आणि तुम्ही रक्त पातळ करताय? प्रश्न रास्तच आहे. पण हा रक्तस्राव शिरेत मागे तुंबलेल्या दाबाने झालेला असतो. गुठळी वाढू दिली तर दाब वाढतो आणि रक्तस्रावही. 1991 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी फक्त 20 पेशंटवर ही गोष्ट तपासली. हेपॅरिन मिळालेल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले, एकही दगावला नाही. न मिळालेल्या दहांपैकी एकच पूर्ण बरा झाला आणि तिघे गेले. अभ्यास छोटा होता, पण तेव्हापासून मेंदूतला असा रक्तस्राव हे हेपॅरिन टाळायचं कारण राहिलेलं नाही.

फिटचं औषध आणि हेपॅरिनवर तिचा हात आठवड्याभरात सुधारला. पुढे रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या, रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये ठेवून, सहा महिने. नव्या गोळ्याही आता वापरतात, पण ती बाळाला पाजत होती, आणि वॉरफरिन दुधातून बाळाला बाधत नाही, म्हणून तेच निवडलं. सहा महिन्यांनी केलेल्या व्हेनोग्राफीत मोठी शीर बरीचशी मोकळी दिसली. इस्ट्रोजेनची गोळी तिला आता कायमची बंद, तांबी चालते. दुसरं मूल हवं असेल तर मनाई नाही, मात्र दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटायचं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला हेपॅरिनची छोट्या डोसची इंजेक्शनं बहुधा रोज घ्यावी लागतील.