खुलासा: घराचा विमा आणि अर्धीच भरपाई

“विमा २० लाखांचा, नुकसान ६ लाखांचं, म्हणजे पूर्ण ६ लाख मिळणारच.” फिरणारा हा मेसेज अर्धवट आहे.

पॉलिसीच्या अटींत ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’ असेल, तर सर्व्हेअर आधी नुकसानीच्या दिवशीचा घर पुन्हा बांधण्याचा खर्च काढतो, जमिनीची किंमत सोडून. तो ४० लाख निघाला, तर विमा निम्म्याचाच ठरतो. मग नुकसानही निम्मंच भरून मिळतं: ३ लाख. उरलेले ३ लाख तुमच्या खिशातून. हप्ता वाचवायला रक्कम कमी लावली की हेच होतं. वर्षानुवर्षं तीच रक्कम पुढे ओढली तरीही.

काही पॉलिसींत हे कलम नसतं, काहींत थोडी तफावत माफ असते. म्हणून आपल्या अटी वाचा आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.