फोर्स मेज्योर: लॉकडाऊन लागला म्हणून करार सुटत नाही

फोर्स मेज्योर म्हणजे हाताबाहेरच्या घटनेमुळे करार पाळता न येणं. त्याबद्दल असा दावा केला जातो: 'फोर्स मेज्योर हा फ्रेंच कायदा आहे आणि तो सगळीकडे लागू होतो. करारात लिहिलेलं असो वा नसो. पूर, साथ, लॉकडाऊन, भाववाढ, काहीही आलं की दोन्ही पक्ष आपोआप मोकळे. पैसे द्यायचे नाहीत, घेतलेला ॲडव्हान्सही परत करायचा नाही.'

आधी फ्रान्सचं बघू. तिथे हा खरोखरच कायदा आहे. 1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेत तो होता आणि 2016 च्या सुधारणेनंतर कलम 1218 मध्ये आहे. पण तिथेही अटी कडक आहेत. घटना देणेकऱ्याच्या हाताबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येण्यासारखा नसावा, आणि योग्य ती काळजी घेऊनही तिचे परिणाम टाळता येऊ नयेत. अडचण तात्पुरती असेल तर काम सहसा फक्त थांबतं, करार मोडत नाही. शिवाय पैसे देण्याच्या जबाबदारीतून ही सबब सुटका करत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आपल्याकडे फोर्स मेज्योर नावाचं कलमच नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यात दोन वाटा आहेत. करारात तसं कलम लिहिलेलं असेल तर ते कलम 32 खाली येतं आणि त्याच्या शब्दांप्रमाणेच चालतं. लिहिलेलं नसेल तर उरतं कलम 56, म्हणजे करार पाळणं अशक्य होणं. ही वाट फार अरुंद आहे. म्हणून 'लिहिलेलं असो वा नसो' हे चार शब्द सगळ्यात घातक आहेत. सगळा फरक तिथेच पडतो.

दोन्ही पक्ष मोकळे होतात का, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 8 एप्रिल 2020 च्या आदेशात आहे. इथल्या पोलाद आयातदारांनी दक्षिण कोरियातून माल मागवला होता आणि त्याच्या पैशांसाठी बँकेची लेटर ऑफ क्रेडिट दिली होती. लॉकडाऊन लागला. माल विकता येणार नाही, तेव्हा बँकेला पैसे देण्यापासून रोखा, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. करारातलं फोर्स मेज्योरचं कलम फक्त विक्रेत्यासाठी लिहिलेलं होतं, खरेदीदाराला त्याचा आधार घेता येत नव्हता. विक्रेत्याने तर आपलं काम पुरं केलं होतं, माल कोरियाहून निघाला होता. पुढच्या गिऱ्हाइकांना माल देता येणार नाही, तोटा होईल, ही खरेदीदाराची अडचण. तिचा भार विक्रेत्यावर टाकता येत नाही. पोलादाचं वितरण अत्यावश्यक सेवेत होतं आणि लॉकडाऊन ठरावीक काळापुरताच होता, हेही न्यायालयाने नोंदवलं.

मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो, कारण छापील नमुन्यावर सही करणारे बहुतेक जण हे कलम कुणाच्या बाजूने आहे हे बघतच नाहीत. 'कोणताही पक्ष' असं लिहिलंय की 'विक्रेता', 'कंत्राटदार', एवढं एक नाम तपासायला मिनिटभर लागतं.

भाववाढीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच निकालात काढला. इंडोनेशियाने नियम बदलले आणि तिथून येणारा कोळसा महागला. मुंद्र्याच्या वीज कंपन्यांनी फोर्स मेज्योरचा दावा केला. तो टिकला नाही. करार पाळणं महाग झालं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही.

'आपोआप' हेही खरं नाही. बहुतेक करारांत ठरावीक दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि काम अडलं ते त्याच घटनेमुळे, हे दाखवावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयासमोर 2020 च्या मे महिन्यात एका तेल प्रकल्पाचं प्रकरण आलं. तिथे कंत्राटदाराची दिरंगाई 2019 पासूनच सुरू होती. आधीच चुकलेल्याला कोविडची ढाल वापरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

राहिला ॲडव्हान्स. इथे तर कायदा नेमका उलट आहे. करार निरर्थक ठरला की त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो किंवा भरपाई द्यावी लागते, असं कलम 65 सांगतं. कायद्यातच त्याचं उदाहरण दिलं आहे. गायकाने मैफलीचे 1,000 रुपये आधी घेतले आणि आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण ते 1,000 रुपये परत करायचे. हॉल, केटरर किंवा सहल कंपनी 'फोर्स मेज्योर' म्हणून पूर्ण रक्कम ठेवून घेत असेल, तर तसं ठेवून घेण्याची परवानगी करारातल्या कोणत्या ओळीत आहे, ती लेखी दाखवायला सांगा. ओळ नसेल आणि कार्यक्रम खरोखरच अशक्य झाला असेल, तर कलम 65 चा हवाला देऊन रक्कम लेखी मागा.