वरची विक आणि वरचा सूर

"लेख वाचला. हिरवी कँडल म्हणजे भाव वाढला, असं तुम्ही ठोकून दिलंय, ते चूक. लांब वरची विक म्हणजे विक्रेते भारी पडले, हेही तसंच. दिवसात भाव आधी वर गेला की आधी खाली, हे कँडल सांगतच नाही, मग विकवरून गोष्टी कसल्या रचता? व्हॉल्यूमचा तर पत्ताच नाही. नवख्यांना असलं अर्धवट शिकवण्यापेक्षा आधी स्वतः शिका."

नमस्कार,

शेअरच्या दिवसभराच्या भावांची चार्टवर जी कँडल काढतात ती आणि तिच्या टोकांच्या बारीक काड्या, म्हणजे विक, कशा वाचायच्या यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसलो नाही, एवढं श्रेय मला द्या. सकाळी पुन्हा वाचली. शेवटचं वाक्य सकाळीही तितकंच टोचलं. चूक दाखवायला कुणाची ना नाही, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण 'ठोकून दिलंय', 'गोष्टी रचता', 'अर्धवट' एवढे शब्द पाच ओळींत बसवायला वेगळीच हौस लागते.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करून टाकतो. हिरव्या कँडलबद्दल लिहिताना 'भाव वाढला' हे शब्द सैल पडले. 'त्या दिवशी उघडला त्याच्यापेक्षा वर बंद झाला' असं लिहायला हवं होतं. हिरवा रंग त्याच दिवसाच्या ओपन आणि क्लोजची तुलना करतो. काल भाव कुठे बंद झाला होता याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. समजा, काल क्लोज २०९ होता, आज शेअर थेट २०० वर उघडला आणि २०३ वर बंद झाला. कँडल हिरवी दिसेल, पण कालपासून शेअर हातात असलेल्या माणसाचे सहा गेलेले असतील. काही चार्टवर पोकळ कँडलचा पर्याय असतो, त्यात बॉडी, म्हणजे कँडलचा जाड भाग, पोकळ की भरीव हे आजच्या ओपनवरून ठरतं आणि रंग कालच्या क्लोजवरून, म्हणजे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. साध्या कँडलमध्ये ती सोय नाही. एका वाक्याची दुरुस्ती होती, लेखात करून टाकली.

आता ते 'कँडल सांगतच नाही' प्रकरण. हे वाक्य फार हुशारीचं वाटतं. चार्ट बघायला लागून वर्षभर झालं की प्रत्येकाला ते सुचतं, मलाही सुचलं होतं. वाक्य खरं आहे, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष खरा नाही. कसं ते सावकाश सांगतो, कारण हे उत्तर तुमच्याइतकंच लेखाखाली गप्प बसलेल्या नवख्यांसाठीही आहे.

वरचाच दिवस पुढे घेऊ. ओपन २००, हाय म्हणजे दिवसातला सगळ्यात वरचा भाव २१२, लो म्हणजे सगळ्यात खालचा १९७, क्लोज २०३. बॉडी म्हणजे २०० ते २०३ हा जाड भाग, तीनचा. वरची विक २०३ पासून २१२ पर्यंत, नऊची. खालची विक २०० पासून १९७ पर्यंत, पुन्हा तीनची. एकूण पसारा पंधराचा आणि त्यातला नऊचा भाग नुसती वरची काडी. चार्टवर ही कँडल उलट्या हातोडीसारखी दिसेल, फक्त खाली थोडी दांडी आलेली.

हा दिवस दोन तऱ्हांनी घडलेला असू शकतो. एक: भाव २०० वर उघडला, घसरून १९७ ला गेला, तिथून दुपारपर्यंत २१२ ला चढला आणि शेवटी २०३ ला उतरला. दुसरी: उघडल्या उघडल्या २१२ ला पोचला, मग दिवसभर घरंगळत १९७ ला आला आणि शेवटच्या तासात सावरून २०३ ला थांबला. दोन्ही दिवसांची कँडल अगदी एकसारखी. इथवर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण दोन्ही दिवसांत समान काय राहिलं, ते बघायची तसदी तुम्ही घेतली नाहीत. २१२ हा भाव दिवसात कधीही आलेला असो, क्लोज त्याच्यानंतरच आला. क्लोज ही दिवसाची अखेर आहे, तिचं स्थान क्रमात पक्कं आहे. म्हणजे २१२ ला पोचल्यानंतर भाव नऊने खाली येऊन थांबला, हे दोन्ही दिवसांत घडलंच. २१२ ला घेऊन शेअर तसाच ठेवलेला माणूस दोन्ही दिवशी नऊच्या तोट्यात घरी गेला. तसंच १९७ चं. लो कधीही लागलेला असो, त्यानंतर भाव वर येऊन २०३ ला थांबला, म्हणजे सहाने सावरला. मधला रस्ता कळत नाही, पण शेवटचा मुक्काम कळतो आणि त्या मुक्कामापासून दोन्ही टोकं किती लांब राहिली हेही कळतं. यात रचलेली गोष्ट कुठली?

इथे एक बारकावा आहे. माझ्या लेखात तो नव्हता, तुमच्या प्रतिक्रियेतही नाही. विकची लांबी म्हणजे माघार, हे नेहमी खरं नसतं. याच कँडलची बॉडी उलटी करा: ओपन २०३, क्लोज २००, हाय २१२ आणि लो १९७ तेच. कँडल आता लाल झाली. वरची विक अजूनही नऊचीच, कारण ती बॉडीच्या वरच्या कडेपासून, म्हणजे ओपनपासून मोजली जाते. पण हायपासून क्लोजपर्यंत भाव किती उतरला? बाराने. विक नऊ दाखवते आणि उरलेले तीन लाल बॉडीत दडलेले असतात. हिरव्या कँडलमध्ये हीच गंमत खालच्या बाजूला होते. वरच्या उदाहरणात खालची विक तीनचीच दिसत होती, पण सावरणं सहाचं होतं. म्हणून नवख्याने विक वाचताना बोट बॉडीच्या कडेवर न ठेवता क्लोजवर ठेवावं आणि तिथून वर हायपर्यंत, खाली लोपर्यंत मोजावं. हिरव्या कँडलचा क्लोज बॉडीच्या वरच्या कडेला, लाल कँडलचा खालच्या कडेला. एवढं सांभाळलं की विकचा बराचसा घोळ मिटतो.

'विक्रेते भारी पडले' यावर तुमचा आक्षेप आहे. बोलीभाषेत असंच म्हणतात हो. प्रत्येक सौद्याला एक घेणारा आणि एक विकणारा असतो, हे मलाही ठाऊक आहे. वरच्या भावाला विकणारे तयार होते आणि तितक्या भावाला घेणारे शेवटपर्यंत टिकले नाहीत, असं लांबलचक वाक्य दरवेळी लिहीत बसलो तर पहिल्या परिच्छेदातच वाचक निघून जाईल.

राहिला 'आधी स्वतः शिका'चा मुद्दा. अकरा वर्षं झाली, बाजार बंद झाला की रोज संध्याकाळी तीन शेअरचे चार चार आकडे वहीत उतरवतो. सुरुवातीची दोन वर्षं आलेखाच्या कागदावर हिरव्या-लाल पेन्सिलीने हाताने कँडल काढायचो. हाताने काढताना एक गोष्ट बोटांत मुरते: हाय आणि लो या दोन बिंदूंची एक उभी रेघ आधी मारायची आणि बॉडी तिच्यावर नंतर बसवायची. विक ही बॉडीला चिकटवलेली शेपटी नाही. रेघ आधीची आहे, बॉडी तिचा एक तुकडा झाकते. स्क्रीनवर तयार कँडल बघणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही. तुम्ही कधी हाताने काढली आहे का, एवढंच विचारतो.

आणि मी चुकलो नाही असंही नाही. दुसऱ्या वर्षी एकदा दुपारी एका शेअरच्या डेली चार्टवर भली मोठी वरची विक दिसली. बॉडी इवलीशी, वर लांब काडी. वर माल सुटतोय असं वाटून हातातले सगळे शेअर विकून टाकले. बाजार बंद झाल्यावर बघतो तर विक गायब! शेवटच्या तासात भाव पुन्हा चढून दिवसाच्या हायलाच बंद झाला होता. दुपारी जी विक होती तिच्या जागी सलग हिरवी बॉडी उभी. बाजार चालू असताना चार्टवर जो 'क्लोज' दिसतो तो खरं तर त्या क्षणाचा शेवटचा भाव असतो, त्यामुळे कँडल दिवसभर आकार बदलत राहते. ओपन तेवढा पक्का. हाय आणि लो बाहेरच्या बाजूला वाढू शकतात, क्लोज मात्र दोन्ही दिशांनी पळतो. अर्धी कँडल वाचायची नसते हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. म्हणून लेखात ते जाड अक्षरात लिहिलं आहे. तुम्ही लेख वाचलात म्हणता, मग तेवढी ओळ दिसली नाही याचं नवल वाटतं.

व्हॉल्यूमबद्दल: लेख एका कँडलवर आहे आणि कँडलमध्ये चार भाव असतात, व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली तो आकडा, नसतो. तो खाली वेगळ्या पट्टीत दिसतो आणि त्यावर वेगळा लेख होईल. आता कुणी म्हणेल, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये एखाद्या किरकोळ सौद्यानेही लांबलचक विक तयार होते, तिथे व्हॉल्यूमशिवाय कसं कळणार? खरं आहे, त्या दिवसाच्या कँडलवरून ते कळत नाही. पण आधीच्या वीसेक कँडल बघितल्या की निदान शंका तरी येते. दर दोन-तीन दिवसांनी अशाच सुट्या काड्या वर-खाली आलेल्या असतील, तर आजच्या काडीचं कौतुक करू नये. पसारा मोठा की लहान हेही त्याच शेजाऱ्यांवरून ठरतं. पंधराचा पसारा एरवी पाचात फिरणाऱ्या शेअरसाठी मोठा, तीसात फिरणाऱ्यासाठी काहीच नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, तशीच राहील. 'भाव वाढला' हे शब्द बदलले आहेत आणि खाली 'एका वाचकाच्या सूचनेवरून दुरुस्ती' अशी ओळ टाकली आहे. नावानिशी आभार मानले असते, पण नाव तुम्ही दिलेलंच नाही.