९० दिवस? नाही जमणार

आज सकाळी एका जुन्या पार्टीच्या परचेसवाल्याचा फोन. "दादा, या ऑर्डरपासून पेमेंटला ४५ नाही, ९० दिवस धरा. वरूनच आलंय." हे 'वर' कोण बसतं, देव जाणे.

मी सरळ नाही म्हणालो. रबाळ्यातल्या आमच्या एवढ्याशा गाळ्याला ९० दिवस म्हणजे काय? ऑर्डर ५ लाखांची, १८ टक्के जीएसटी धरून ५ लाख ९० हजार. कळंबोलीहून येणारा स्टीलचा बारच टॅक्ससकट २ लाख ९५ हजारांचा, आणि तिथला व्यापारी पैसे पडल्याशिवाय गाडी भरत नाही. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरा, बारवर भरलेला टॅक्स वजा जाऊनही ४५ हजार. पार्टीचा रुपया आलेला नसताना! त्यात सीसी खात्यातून किती कर्ज उचलता येईल, ती ड्रॉइंग पॉवर काढताना ९० दिवसांच्या पुढची उधारी बँक सहसा धरतच नाही. पार्टी दोन दिवस चुकली की तेवढी लिमिट गेली.

गेल्या दिवाळीत दुसऱ्या एका पार्टीने हेच केलं. "चेक सहीला गेलाय" म्हणत सण काढला. आमच्या पोरांना बोनस दोन हप्त्यांत दिला. लेथवाल्याने पाकीट उघडलं, आत बघितलं, खिशात टाकलं. बोलला काहीच नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि यांना कायदा माहीत नसतो असं नाही. उद्यम नोंदणीवाल्या आमच्यासारख्या छोट्या कारखानदाराचे पैसे, लेखी ठरलेलं असलं तरी, ४५ दिवसांच्या पुढे न्यायचे नाहीत, हे २००६ पासून कायद्यात आहे. पण कायदा काढला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. म्हणून मी तो काढला नाही.

बरं, त्यांचेही पैसे पुढे अडकले असतील. असतील.

म्हणून नुसतं नाही म्हणून फोन ठेवला नाही. म्हटलं, ऑर्डरसोबत निम्मे द्या, बरोबर २ लाख ९५ हजार. तेवढ्यात बार येतो. मजुरी, वीज मी ओढतो. बाकीचे ४५ दिवसांत. तो म्हणाला, "आणि माल नाही आला तर?" राग आला, पण प्रश्न रास्त होता. मग दोन लॉट करून दिले: प्रत्येक बिलातून अर्धा ॲडव्हान्स वळता करायचा, म्हणजे सगळा माझ्याकडे अडकत नाही. वर बेसिकवर १ टक्का सूट. आमच्या लेथवाल्याचं ते पाकीट डोळ्यांसमोर होतं, नाहीतर ९० ला हो म्हणून बसलो असतो.

"साहेबांना विचारतो," म्हणाला. दुपारी प्रोफॉर्मा पाठवला. खाली लिहिलंय, ॲडव्हान्स जमा झाल्यापासून डिलिव्हरीचे दिवस मोजले जातील. शनिवारपर्यंत मशीन त्यांच्यासाठी मोकळं ठेवतोय, सोमवारी दुसऱ्याचं काम चढवणार.