हजार रुपयांच्या हप्त्यातून नक्की काय होतं, आकडे मांडून बघू

"हजार-दोन हजारांच्या एसआयपीने कोणाचं भलं झालेलं नाही. आधी पगार वाढू दे, ५ वर्षांनी मोठ्या रकमेने सुरू करा, सगळं भरून निघतं. टाकायचेच असतील तर मार्केट पडल्यावर एकदम टाका. आणि हप्ता चुकणार असेल तर सुरूच करू नका, नुसते चार्जेस लागतात."

(ऐरोलीच्या ऑफिसात नवीन बॅचसाठी पैशांवरचं सेशन झालं, तिथे या फॉरवर्डवर जे बोललो ते इथे लिहितोय.)

मंडळी, पहिल्या वाक्यात थोडं खरं आहे, ते आधी मान्य करतो. पोस्टाची ५ वर्षांची आरडी घ्या, ६.७ टक्के व्याज धरा. महिन्याला १,००० भरलेत तर तुमच्या खिशातून ६०,००० जातात आणि शेवटी हातात साधारण ७१,३६६ येतात. म्हणजे ५ वर्षांचं व्याज ११ हजारांच्या थोडं वर, बस. चक्रवाढीचे ते आकाशाला भिडणारे ग्राफ तुम्हाला दाखवतात ना, ते २०-२५ वर्षांचे असतात, पहिल्या ५ वर्षांत काम करतो तो तुमचा हप्ता, व्याज नाही. पण मग बघायचं काय, तर हप्ता दरवर्षी किती वाढतोय ते. हजारावर सुरू करून हजारावरच थांबलात तर मेसेजवाला बरोबर ठरेल.

आता ५ वर्षं थांबायचा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ऐकायला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. समजा तुमच्यातली एक जण आत्ता १,००० ने सुरू करते आणि दर वर्षी इन्क्रिमेंट झालं की हप्ता फक्त १,००० ने वाढवते. दुसऱ्या वर्षी २,०००, तिसऱ्या वर्षी ३,०००, असं पाचव्या वर्षी ५,०००. व्याज बिलकुल धरू नका, शून्य. ५ वर्षांत तिचे १,८०,००० जमतात, घरी जाऊन कागदावर करून बघा. सहाव्या ते दहाव्या वर्षात ती ६, ७, ८, ९ आणि १० हजारांवर जाते, म्हणजे १० वर्षांत एकूण ६,६०,०००.

तिच्या बाजूला बसणारा ५ वर्षं थांबतो. त्याला दहाव्या वर्षी निव्वळ तिच्याइतकी रक्कम भरलेली हवी असेल तर ते मागचे १,८०,००० पुढच्या ६० महिन्यांत वाटावे लागतात, म्हणजे तिच्यापेक्षा दर महिन्याला ३,००० जास्त. ती ६ हजार भरते तेव्हा हा ९ हजार, ती १० वर असताना हा १३ हजार. तिला दर वर्षी हजाराचीच पायरी चढायचीये, याला एका महिन्यात शून्यावरून ९ हजारांवर उडी मारायचीये. आणि ती उडी कधी, तर २९-३० व्या वर्षी, जेव्हा लग्न, कळव्यात किंवा घणसोलीत भाड्याच्या घराचं डिपॉझिट, आणि घर घेतलं तर होम लोनचा ईएमआय, हे सगळं एकदमच येतं. पगार वाढलेला असतो हो, पण वाढलेला पगार आधीच कुठेतरी बांधला गेलेला असतो. मोठ्या रकमेने सुरू करेन म्हणणाऱ्याची नियत वाईट नसते, त्याच्या महिन्यात तेवढी जागा उरलेली नसते एवढंच.

मार्केट पडल्यावर एकदम टाका, यावर २०२० चं उदाहरण देतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये १२,४०० च्या वर होता. आता सोपं वाटतं. पण त्या मार्चमध्ये दुसऱ्याच दिवशी देशभर लॉकडाऊन जाहीर झाला, पगार कापले जात होते, नोकरी राहील की नाही ते कोणाला माहीत नव्हतं. मार्केट जेव्हा जोरात पडतं तेव्हा बहुतेक वेळा आपली नोकरीही डळमळीत असते, त्यामुळे त्या दिवशी हातात पैसे आणि टाकायची हिंमत दोन्ही असणं दुर्मिळ. ठरलेला हप्ता मात्र तेव्हाही आपोआप जातो आणि त्याच हजारात जास्त युनिट्स मिळतात. हां, याला मर्यादा आहे. जानेवारी २००८ चा निफ्टीचा उच्चांक परत गाठायला जवळपास ३ वर्षं लागली, तिथून तो पुन्हा घसरला आणि त्या पातळीच्या वर खरा टिकला तो २०१३ नंतर. म्हणून पुढच्या ४-५ वर्षांत लागणारे पैसे, डिपॉझिट असो की बहिणीचं लग्न, इक्विटी फंडात टाकूच नका, ते आरडी-एफडीत. सुरुवातीचे सगळे हप्तेही तिथेच, दोन-तीन महिन्यांचा खर्च जमेपर्यंत.

आता चार्जेस. इथे मेसेजवाल्याने दुखणं बरोबर पकडलंय, औषध चुकीचं दिलंय. एसआयपीचा हप्ता बाउन्स झाला तर फंड कंपनी दंड लावत नाही, तुमची बँक लावते. प्रत्येक बँकेचा दर वेगळा. समजा ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. हजाराच्या हप्त्यावर ५९० म्हणजे आरडीतलं पहिल्या अख्ख्या वर्षाचं व्याज त्यात गेलं, वर आणखी थोडं गेलं. आणि महिन्याचे सलग ३ हप्ते फेल गेले की एसआयपीच रद्द होते. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नॅच किंवा एसीएच रिटर्न असं काही दिसतंय का बघा, दिसलं तर तो हाच बाउन्सचा दंड.

नवीन मुलांचं हे बहुतेक एकाच कारणाने होतं, तारीख. ॲपवर डिफॉल्ट तारीख येते ती तशीच ठेवली जाते, पगार ७ ला, हप्ता ५ ला, मध्ये भाडं गेलेलं. हप्ता पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा, पगार सुट्टीमुळे एक दिवस पुढे सरकला तरी चालेल असा. दुसरं, मॅन्डेट करताना, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी बँकेला देताना, जी कमाल रक्कम विचारतात ती कापली जाणारी रक्कम नसते, वरची मर्यादा असते. ती १,००० च ठेवलीत तर पुढच्या वर्षी २,००० करताना परत नवीन मॅन्डेट, परत बँकेची मंजुरी, आणि त्या कंटाळ्यात वाढवायचं राहून जातं. १०,००० ठेवा, हप्ता १,००० च जाईल. तिसरं, एखादा महिना खरंच ओढाताणीचा असेल तर बाउन्स होऊ देऊ नका, बऱ्याच फंडांत एसआयपी पॉज करता येते, फक्त हप्त्याच्या आधी पुरेसे दिवस ठेवून रिक्वेस्ट टाकावी लागते. आणि ज्यांचा पगारच मागेपुढे होतो, काँट्रॅक्टवरची मंडळी, त्यांनी पोस्टाच्या आरडीने सुरुवात करावी, हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे १ रुपया दंड, हजाराला १० रुपये. तिथेही ४ हप्ते चुकले की खातं बंद पडतं, पण परत चालू करायला दोन महिने मिळतात.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतः म्हणेन की थांबा. क्रेडिट कार्डाची मिनिमम ड्यू भरून बाकी पुढे ढकलताय? त्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे ४० च्या पुढे गेले. ७ टक्क्यांची आरडी एका हाताने आणि हे दुसऱ्या हाताने, हे जमणार नाही. तोच १,००० चा हप्ता, तीच पगारानंतरची तारीख, पण आधी कार्डाची बाकी शून्य होईपर्यंत तिकडे भरा, आणि ज्या महिन्यात ती शून्य होईल त्याच महिन्यापासून तोच हप्ता आरडीत वळवा.