तिला विचारायचंय, पण तिला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

माझा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याची परवानगी घेऊनच हे लिहितेय.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत त्याची एका मुलीशी मैत्री झाली. दोघांच्या खुर्च्या शेजारी, चार वाजताचा चहा एकत्र. राज्यशास्त्राच्या नोट्स हा काढायचा, याचे निबंध ती तपासायची. रात्री अभ्यासिका सुटली की हा तिला गाडीवर हॉस्टेलपर्यंत सोडायचा. असे सातआठ महिने गेले आणि एक दिवस त्याचा फोन आला, "मावशी, मला ती आवडते. सांगून टाकू का?"

सांग म्हटलं. मनात ठेवून नुसतं 'चांगला मित्र' म्हणून वावरणं मला पटत नाही. तिला वाटत असतं ही मैत्री आहे, आणि हा मात्र तिच्या प्रत्येक मेसेजमधून काहीतरी दुसरंच शोधत बसलेला. आपण कशात आहोत हे तिलाही कळायला हवं. पण कसं सांगणार, हे त्याने सांगितलं तेव्हा मी त्याला थांबवलं.

त्याचा बेत असा होता. तिच्या वाढदिवसाला पहाटे सगळ्या ग्रुपने सिंहगडावर जायचं. ती याच्याच गाडीवर येणार. वर केक, आणि मित्र जरा बाजूला झाले की हा बोलणार. मित्रांना अर्थातच आधीपासून माहीत. मी त्याला एवढंच विचारलं, "ती नाही म्हणाली, तर खाली कशी येणार?" तो गप्प. तिला याच्याच मागे बसून अख्खा घाट उतरावा लागणार होता, आणि खाली सगळे निकालाची वाट बघत उभे. अशा जागी माणूस 'हो' तरी म्हणतं, नाहीतर 'बघू' म्हणतं. त्यातलं काहीच खरं उत्तर नसतं.

विचारणाऱ्याला वाटतं, धाडस सगळं आपल्यालाच लागतंय. समोरच्याला 'नाही' म्हणणं किती जड जातं याचा अंदाज त्याला येत नाही. हे माझं एकटीचं मत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन डीव्हिन्सेंट आणि व्हेनेसा बोन्स यांनी 2019 साली याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. नकार देताना समोरच्याला किती अवघडल्यासारखं होतं, हे विचारणाऱ्यांना कमीच वाटत होतं, असं त्यात दिसलं. आणि अनोळखी माणसाला नकार देण्यापेक्षा मित्राला देणं किती कठीण! तिच्या नकारासोबत नोट्स, निबंध, चहा, रात्रीची गाडी, सगळंच पणाला लागतं. म्हणून विचारण्याआधी हे बघायचं की तिचं आपल्यावाचून काय काय अडतंय, आणि त्यातलं जमेल तेवढं आधीच मोकळं करायचं. भाच्याने ते केलं. नोट्स स्कॅन करून चारपाच जणांच्या ग्रुपवर टाकायला लागला, म्हणजे तिला त्या याच्याकडून मागाव्या लागू नयेत. रात्री परत जायला त्याच हॉस्टेलच्या आणखी दोघी होत्याच, त्यांच्याबरोबर ही चालत जाऊ लागली. पूर्वपरीक्षा होईपर्यंत विषयच काढायचा नाही, हे त्याने स्वतःहून ठरवलं.

मग शब्दांवर आलो. त्याने लिहून पाठवलेलं असं होतं: "तुझ्याशिवाय मी राहू शकत नाही. तू नाही म्हणालीस तर माझं अभ्यासात लक्षच लागणार नाही. पण प्लीज, मैत्री तोडू नकोस." प्रत्येक वाक्य मनापासून लिहिलेलं, आणि प्रत्येक वाक्यात तिच्यावर एक ओझं. पहिल्यात याचं जगणं, दुसऱ्यात याचा निकाल, तिसऱ्यात मैत्री टिकवायची जबाबदारीही तिच्यावरच. यातलं आवडणं तेवढं ठेवलं आणि बाकीचं काढून टाकलं. शेवटी तो जे बोलला ते साधारण असं:

"मला तू आवडतेस, मैत्रीच्या पलीकडे. तुला तसं काही वाटतं का, एवढंच विचारायचंय. आत्ता उत्तर नकोय. नंतर मेसेज केलास तरी चालेल. नसेल वाटत तर नाही म्हण, कारण सांगायची गरज नाही. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघेन."

'वाईट वाटेल' हे मी मुद्दाम राहू दिलं. 'काहीच फरक पडणार नाही' असं म्हणणं खोटं, आणि ते खोटं आहे हे तिलाही कळतं.

भर दुपारी, हॉस्टेलच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीपाशी तो बोलला. तिथून ती दोन मिनिटांत आपल्या खोलीवर जाऊ शकत होती. ती म्हणाली, "मला विचार करू दे." हा म्हणाला, "हो, कर," आणि तो विषय तिथेच सोडून निघाला.

खरी परीक्षा त्यानंतर. त्या रात्री त्याचा फोन, "मावशी, ऑनलाइन दिसतेय. 'काय ठरलं' विचारू?" नाही. अशा वेळी स्टेटसला विरहाची गाणी लावायची नाहीत आणि तिच्या मैत्रिणीकडून चाचपणीही करायची नाही. तो सगळा तगादाच असतो. आठवडे उलटले आणि ती त्या विषयावर बोललीच नाही, तर ते 'नाही' समजायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

आणि आपल्याकडे 'नाही' सरळ येत नाही, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं. "मी तसा विचारच केला नाही," "आत्ता फक्त अभ्यास," "घरी चालणार नाही," हे सगळे नकारच आहेत. विशेषतः शेवटचा. जात, घर, वडील यातलं काही पुढे आलं की मुलगा लगेच म्हणतो, "घरच्यांना मी समजावतो." अरे, तिने तुला वकील नेमलेलं नाही. तिला हवं असेल आणि अडचण खरंच घरची असेल, तर "मला हवंय, पण" हे ती स्वतः म्हणेल. ते म्हणाली नसेल, तर आपण तिच्या तोंडी घालायचं नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचे अनुभव तपासले होते. प्रेम करणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याने आशा लावली, नकार कधी स्पष्ट दिलाच नाही. नकार देणाऱ्यांना वाटत होतं की आपण पुरेसं सांगितलंय, आणि वर अपराधीपणही त्यांनाच. म्हणून संशय आला की तो नकाराच्या बाजूने धरावा. स्पष्ट नाही म्हटल्यावरही मुलीच्या पुन्हा पुन्हा मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पण इतक्या टोकाला जायच्या खूप आधीच थांबता येतं.

चारेक दिवसांनी तिचा मेसेज आला. तसं वाटत नाही, पण तू नीट विचारलंस म्हणून नीट सांगतेय, आणि काही दिवस मी खालच्या हॉलमध्ये बसेन. भाच्याला रडू आलं. मला म्हणाला, "एकदाच कारण विचारू?" मी म्हटलं, कारण नको म्हणून तूच सांगितलं होतंस ना? त्याने तिला लिहिलं, "सांगितलंस ते बरं झालं. थँक्स." मित्रांनी खोदून विचारलं तेव्हा "तो आमच्या दोघांचा विषय आहे" म्हणाला आणि विषय बंद केला. चहा बरेच दिवस बंद होता. निबंध आता तो दुसऱ्या एका मित्राकडून तपासून घेतो. नोट्स ग्रुपवर पूर्वीसारख्याच जातात आणि तीही त्या उतरवून घेते.