पाइपाच्या पैशांबद्दल आणि जाळीबद्दल

“बाहेरचं युनिट बसवल्यापासून सासूबाईंच्या खोलीत रात्रभर घुमतं. दुपारी एसी थंडच करत नाही. वर कॉपर पाइपचे ४,२०० रुपये जास्तीचे घेतले. शुद्ध लूट!”

नमस्कार ताई,

आवाजाबद्दल मनापासून माफी. ती चूक आमचीच. ड्राय बाल्कनीची ती भिंत चार इंची आहे आणि तिच्या पलीकडेच सासूबाईंचा पलंग. आमच्या मुलाने ब्रॅकेटवर युनिट रबर पॅड न घालता कसलं, त्यामुळे कॉम्प्रेसरची थरथर थेट भिंतीत उतरते.

पण ‘लूट’ हा शब्द फार लागला. १४ वर्षं दुकान चालवतोय. एसीसोबत साधारण दहा फूट पाइप येतो. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर युनिट लावायला तुमच्या सोसायटीची मनाई, म्हणून ते मागे न्यावं लागलं आणि पाइप बावीस फूट लागला. वरचे बारा फूट, साडेतीनशे रुपये फुटाने. हा दर काम सुरू करण्याआधी साहेबांना सांगितला होता, तो भाव इन्शुलेशन धरून आहे.

आता थंड न होण्याचं. आम्ही युनिट बसवलं तेव्हा पुढे काहीच नव्हतं. आठवड्याने तुम्ही फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमची जाळी बसवून घेतली, पात्या खाली कललेल्या आणि फटी जेमतेम बोटभर. युनिट दिसू नये, पाऊस लागू नये हा हेतू समजतो, पण ते पावसात राहण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला हवा लागते. ते मागून हवा ओढतं आणि पुढे गरम हवा फेकतं. ती पात्यांवर आपटून परत मागे येते, तीच पुन्हा ओढली जाते.

परवा साडेतीनला मी स्वतः येऊन पाहिलं, तुम्ही घरात होतात. बाल्कनीत ३९ अंश, युनिटच्या मागे ५१. आत ब्लोअर चालू आणि कॉम्प्रेसर ट्रिप झालेला. जाळीचं दार उघडून ठेवलं, वीस मिनिटांत मागचं तापमान ४१ वर आलं आणि खोली गार व्हायला लागली. हे तुमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी रिव्ह्यूत एक शब्द नाही, याचं वाईट वाटलं.

जाळी पूर्ण काढा असं म्हणत नाही. पंख्याच्या गोलासमोरच्या पात्या काढा, बाजूच्या राहू द्या. मागच्या बाजूला अर्धा फूट मोकळं आहे, तिथे कुंड्या ठेवू नका. चौथ्या मजल्यावरचा तो गोल खालून फारसा दिसणार नाही.

मंगळवारी सकाळी मुलगा रबर पॅड घेऊन येईल, त्याचे पैसे नाहीत. पुढे पातळ भिंतीवर काम करताना काळजी घेऊच. फॅब्रिकेटरलाही त्याच वेळी बोलवा, पात्या मी समोर उभा राहून दाखवतो.